अप्पांच्या मळ्यातली कॉफी

चिकमगळूरजवळच्या डोंगरउतारावर तिच्या घरचा चार एकरांचा कॉफीचा मळा आहे. सिल्व्हर ओक आणि फणसाच्या सावलीत अरेबिकाची झाडं, खोडांवर चढलेले मिरीचे वेल. ती तिथेच वाढली, पण त्या मळ्यातली चांगली कॉफी तिनं कधी प्यायलीच नव्हती. तोडलेली फळं पाण्यात टाकली की भरीव फळं तळाशी बसतात आणि पोचट, किडकी वर तरंगतात. ही वर आलेली फळं वाळवून घरासाठी ठेवायची, त्यांच्या बिया काळ्या होईपर्यंत कढईत भाजायच्या आणि गूळ घालून उकळायच्या. चांगला माल पोत्यांत भरून जायचा तो कायमचाच. अनेक छोट्या शेतकऱ्यांच्या घरी हीच रीत आहे.

बंगळुरूला नोकरी लागल्यावर एका कॅफेच्या फळ्यावर तिला आपल्या गावाचं नाव दिसलं. खाली अप्पांचं नाव होतं. एरवी छोट्या शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याकडे पोचताच दहा जणांच्या मालात मिसळतो, पण इथल्या रोस्टरनं अप्पांची काही पोती वेगळी ठेवून घेतली होती.

तिनं एक कप मागवला. पंधरा ग्रॅम कॉफी, कागदाच्या फिल्टरमधून हळूहळू ओतलेलं गरम पाणी, दूध नाही, साखर नाही. एवढ्या एका कपासाठी झाडावरची साधारण शंभर ग्रॅम ताजी फळं लागतात. साल, गर, टरफल आणि भाजताना उडून जाणारं पाणी वजा जाता उरतात ते पंधरा ग्रॅम.

पहिल्या घोटाला तिनं तोंड वाकडं केलं. "आंबट आहे हो."

"थोडी निवू द्या," रोस्टर म्हणाली.

निवल्यावर त्या आंबटपणामागची गोडी जाणवली, पिकलेल्या संत्र्यासारखी. उंचावरच्या गारव्यात फळ सावकाश पिकतं आणि बीमध्ये आम्लं आणि साखर दोन्ही भरतात. घरी काळं होईपर्यंत भाजताना आंबटपणा जळून जायचा आणि त्याबरोबर गोडीही. उरायचा तो कडूपणा झाकायला गूळ लागायचा.

रोस्टरनं तिला आत नेलं. टेबलावर त्याच मळ्याच्या दुसऱ्या मालाचे पाच कप मांडले होते. एकाच मालाचे पाच कप वेगवेगळे भिजवतात, कारण एखादी खराब बी एकाच कपात सापडते. चमच्यानं जोरात भुरका मारून चव घ्यायची. चार कप चांगले निघाले. पाचव्याला कुजकट वास होता. रोस्टर हा माल परत करणार होती. दोष कुठे शिरला हे मात्र तिला सांगता येत नव्हतं.

मुलीला ते सांगता आलं. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी फळांची साल काढणारा पल्पर चालू असतानाच वीज गेली होती. यंत्राच्या पोटात बिया अडकून राहिल्या. सकाळी वीज आल्यावर घाईत कुणी यंत्र धुतलं नाही, तसंच सुरू केलं. रात्रभरात आंबून कुजलेल्या त्या बिया ताज्या मालात मिसळल्या. पुढे टाकीत आंबवणं, धुणं, वाळवणं सगळं नेटकं झालं, तरी त्या बिया आत राहिल्याच. वाळल्यावर अशी बी डोळ्यांना सहसा ओळखू येत नाही, फोडली तर वास येतो. क्युरिंगच्या कारखान्यात चाळणीवर मालाची प्रत ठरते ती आकारावर. त्यामुळे टपोरी कुजकी बीसुद्धा 'एए' होऊन बाहेर पडते.

तिनं तिथूनच फोन लावला. "अप्पा, वीज गेली होती त्या दिवशीचा माल वेगळा ठेवला होता का?"

"नाही गं. सगळा एकातच. का?"

तिनं सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं भाव का पाडतात ते कुणी सांगितलं नव्हतं."

अप्पांचं हे वाक्य मला या साऱ्या व्यवहारावरचा आरोप वाटतं. चूक मळ्यात होते आणि कळते शहरातल्या टेबलावर. शेतकऱ्याकडे परत जातो तो फक्त कमी झालेला आकडा, त्याचं कारण नाही. रोज संध्याकाळी पल्पर धुवायला लागतं पाणी आणि पाऊण तासाची मजुरी. एवढ्याशा खर्चानं टळणारं नुकसान वर्षानुवर्षं चालू राहिलं, कारण पिकवणाऱ्यानं आपली कॉफी कधी चाखलीच नाही.

म्हणून शेतकऱ्याच्या नावानं कॉफी विकणाऱ्या प्रत्येक रोस्टरला एक विनंती आहे. त्या मालाचं भाजलेलं पाव किलोचं पाकीट, चवीचे दोष लिहिलेल्या चिठ्ठीसह, त्या शेतकऱ्याच्या घरी पाठवा. आणि पाकिटावर मळ्याचं नाव वाचून कॉफी घेणाऱ्यांनी दुकानात विचारावं, हे पाकीट त्या घरी पोचलं का?