सूर आणि कथा : एका सुरावटीची तीन नावे

शब्द नसलेले संगीत कथा सांगू शकते काय? एकोणिसाव्या शतकातील युरोपात या प्रश्नावरून संगीतकार आणि समीक्षक यांचे दोन तट पडले. हा वाद नीट समजण्यासाठी अनेक कलाकृतींची नामावळी देण्याऐवजी एकाच रचनेचा इतिहास तपासणे अधिक उपयुक्त ठरेल. फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन संगीतकाराची ‘ले प्रेल्युद’ ही ती रचना होय.

प्रथम संज्ञांचा अर्थ पाहू. तोपर्यंत युरोपातील मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिली जाणारी प्रमुख रचना म्हणजे सिंफनी. तिचे बहुधा चार स्वतंत्र भाग असत आणि त्यांची मांडणी स्वरांच्या अंतर्गत नात्यांवर उभी असे. 1830 मध्ये बर्लियोझ या फ्रेंच संगीतकाराने आपल्या ‘सिंफनी फँतास्तिक’ या रचनेसोबत कथानकाचे छापील पत्रक श्रोत्यांना दिले. असे कथानक सोबत घेऊन येणाऱ्या वाद्यसंगीताला ‘प्रोग्राम म्युझिक’ म्हणतात. येथे ‘प्रोग्राम’ म्हणजे समारंभाची कार्यक्रमपत्रिका नव्हे, तर संगीतामागील कथा किंवा कल्पना. लिस्टने पुढचे पाऊल टाकले. त्याने चार भाग टाळून, एका काव्यात्म कल्पनेभोवती गुंफलेली सलग एकभागी रचना सिद्ध केली आणि तिला ‘सिंफनिक पोएम’, म्हणजे वाद्यवृंदाचे काव्य, असे नाव दिले.

‘ले प्रेल्युद’चा पहिला प्रयोग 23 फेब्रुवारी 1854 रोजी जर्मनीतील वायमार येथे झाला. 1856 मध्ये स्वरलिपी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिला फ्रेंच कवी लामार्तिन याचे नाव आणि एक गद्य प्रस्तावना जोडलेली होती. मानवी जीवन ही मृत्यूनंतरच्या एका अज्ञात गीताची पूर्वपीठिका आहे, असा तिचा आशय. प्रेम, वादळ, निसर्गाच्या कुशीतील विसावा आणि अखेरीस रणांगणाची हाक असे टप्पे तीत येतात.

हे टप्पे संगीतात कसे उतरतात? रचनेच्या मुळाशी अवघे तीन स्वर आहेत. आपल्या सरगमात सांगायचे तर सा, त्याखालचा नी आणि मग वरचा ग. आरंभी तंतुवाद्ये हे स्वर हलकेच, जणू प्रश्न विचारावा तसे वाजवतात. थोड्याच वेळात तेच स्वर पितळी वाद्यांतून भव्य घोष होऊन येतात. पुढे चेलोंच्या गळ्यातून त्यांचेच कोमल प्रेमगीत होते. शेवटी ज्या सुरावटींतून प्रेम व्यक्त झाले होते, त्याच सुरावटी तुताऱ्यांच्या आवाजात लष्करी संचलनाची चाल धरतात. स्वरक्रम ओळखू येतो, पण लय, वाद्य आणि आघात बदलल्याने त्याचा स्वभाव पालटतो. या तंत्राला विषयवस्तूचे रूपांतर म्हणता येईल. लिस्टच्या दृष्टीने हेच कथेचे साधन होते, कारण पात्र एकच असते, केवळ त्याची अवस्था बदलते.

योगायोग असा की त्याच 1854 साली व्हिएन्नाचा समीक्षक एडुआर्ड हान्सलिक याचे संगीतातील सौंदर्याविषयीचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : संगीताचा आशय म्हणजे गतिमान स्वराकृती, त्याबाहेरची कथा नव्हे. संगीत श्रोत्याच्या भावना जागवत नाही, असे त्याने म्हटले नाही. संगीत वेग, जोर, चढ आणि उतार दाखवू शकते, हेही त्याने मान्य केले. परंतु प्रेमाची गती हळुवार असू शकते तशीच उसळती असू शकते आणि क्रोधाचीही गती उसळतीच असते. मग उसळती लय ऐकून ती प्रेमाची की क्रोधाची, हे केवळ सुरांवरून कसे ठरवणार?

यासाठी त्याने दिलेला दाखला मार्मिक आहे. ग्लुक या संगीतकाराच्या ऑर्फेउसविषयक संगीतिकेत, पत्नी युरिडिसी गमावल्यावर नायक शोक करतो ते गीत युरोपभर गाजले होते. हान्सलिकने एका जुन्या लेखकाचा आधार घेऊन दाखवले की, ‘गमावली’ऐवजी ‘गवसली’ असे शब्द घातले तरी ती चाल तितकीच शोभते. याचा अर्थ, शोक शब्दांत होता, सुरांत नव्हता.

लिस्टच्या बाजूचे उत्तरही दुबळे नव्हते. 1855 मध्ये बर्लियोझवर लिहिलेल्या निबंधात त्याने प्रोग्रामचा कैवार घेतला. श्रोते काही ना काही चित्र मनात रंगवतातच. ते चुकीच्या दिशेने जाऊ नयेत, म्हणून संगीतकाराने आपली कल्पना आधीच सांगावी, अशी त्याची भूमिका होती. प्रस्तावना म्हणजे चुकीच्या अर्थापासून संरक्षण.

आता इतिहासाच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. ‘ले प्रेल्युद’च्या जन्मकथेत लामार्तिन आरंभी नव्हताच. 1844-45 च्या सुमारास लिस्टने जोझेफ ओत्राँ या फ्रेंच कवीच्या शब्दांवर पृथ्वी, वारे, लाटा आणि तारे अशी चार समूहगीते रचली होती. त्या गीतांतील सुरावटी घेऊन त्यांची प्रस्तावना म्हणून वाद्यवृंदासाठी जे लिहिले गेले, तेच संस्कारित होऊन ‘ले प्रेल्युद’ झाले. म्हणजे निसर्गतत्त्वांसाठी जन्मलेले सूर पुढे मानवी जीवनाची कथा सांगू लागले. लामार्तिनच्या कवितेचा अंतिम रचनेवर कितपत प्रभाव पडला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. छापील प्रस्तावनेतील मजकूर मात्र त्या कवितेतील नाही.

तिसरे नाव याहून भयंकर होते. लिस्ट 1886 मध्ये वारला. 1941 च्या जूनमध्ये नाझी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले, तेव्हा त्या आघाडीवरील विजयाच्या विशेष वार्तांपूर्वी जर्मन आकाशवाणीवरून ‘ले प्रेल्युद’मधील तो पितळी घोष वाजवला जाऊ लागला. लक्षावधी माणसांच्या संहाराची बातमी त्या सुरांच्या मागोमाग घराघरांत पोहोचत असे. ज्या प्रस्तावनेने सुरांना चुकीच्या अर्थापासून वाचवायचे होते, ती येथे निरुपयोगी ठरली.

यावरून हान्सलिक पूर्णतः जिंकला असे मानावे काय? तसेही नाही. प्रचारकांनी त्या रचनेतील शांत निसर्गखंड निवडला नाही, घोषच निवडला. म्हणजे सुरांना कोणताही अर्थ चिकटवता येतो असे नाही. त्यांच्या गतीला आणि जोराला साजेसाच अर्थ चिकटतो. विजयाचा आवेश स्वरांत होता, विजय कोणाचा आणि कशासाठी हे मात्र स्वर सांगू शकत नव्हते. हान्सलिकने आखलेली सीमारेषा नेमकी हीच होती. मात्र तो घोष पुढे कोमल होतो, पुन्हा उसळतो, हा प्रवास ऐकणाऱ्याला कथेची चाहूल लागते, हे लिस्टचे म्हणणेही खोटे ठरत नाही. प्रचारकांनी तो प्रवासच कापून टाकला होता.

ही रचना सुमारे सोळा मिनिटांची आहे आणि आज सहज ऐकता येते. प्रथम प्रस्तावना न वाचता ती ऐकावी व मनात काय उमटले ते कागदावर टिपून ठेवावे. नंतर प्रस्तावना वाचून पुन्हा ऐकावी. दोन टिपणांत जे समान राहील ते सुरांचे, आणि दुसऱ्यात जी भर पडेल ती शब्दांची. तुतारीचा घोष कानी पडताच, त्याला अर्थ कोणी दिला आणि त्यात कोणाचा हेतू होता, हे विचारण्याची सवयही त्यातून लागेल.