घरचंच कर्ज, घरचंच व्याज

परदेशी मूळ कंपनी भारतातल्या उपकंपनीत भांडवल कमी घालते आणि कर्ज जास्त देते. कारण लाभांश करानंतरच्या नफ्यातून द्यावा लागतो, तर व्याज खर्चात धरलं जातं. 2017 मध्ये आलेल्या कलम 94बी ने या पळवाटेला वेसण घातली.

समजा, व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा 20 कोटी आहे आणि व्याज फक्त मूळ कंपनीलाच, 9 कोटी जातं. वजावट मिळते नफ्याच्या 30 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 6 कोटींची. उरलेले 3 कोटी बुडत नाहीत. पुढची आठ वर्षं, मर्यादेत जागा असेल तेव्हा वळते करता येतात. असं व्याज वर्षाला एक कोटीपर्यंतच असेल, तर हे कलम लागत नाही.