दोन गुणांची वाढ किती खरी?

अपूर्णांक शिकवण्याआधी वर्गाची पूर्वचाचणी घेतली, शिकवून झाल्यावर उत्तरचाचणी घेतली आणि सरासरी 20 पैकी 10 वरून 12 वर गेली, तर ही वाढ शिकवण्याची की योगायोगाची, हा प्रश्न उरतोच. तोच विद्यार्थी तोच पेपर दोनदा सोडवतो तेव्हाही गुण एक-दोनाने हलतात.

समजा, वर्गात आठच विद्यार्थी आहेत. पहिल्या चाचणीत त्यांना 5, 8, 11, 14, 7, 16, 9 आणि 10 गुण पडले. दुसरीत त्याच क्रमाने 8, 9, 13, 14, 11, 18, 8 आणि 15. हे दोन वेगळे गट मानून तुलना केली तर हाती काहीच लागत नाही. हुशार आणि कच्च्या मुलांतले अंतर मुळातच इतके मोठे आहे की त्यात दोन गुणांची वाढ बुडून जाते.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच आधीच्या गुणांशी करायची. फरक निघतात 3, 1, 2, 0, 4, 2, उणे 1 आणि 5. त्यांची सरासरी 2 आणि प्रमाण विचलन नेमके 2 येते. या विचलनाला विद्यार्थीसंख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे 2.83 ने, भागले की 0.71 ही सरासरीची प्रमाण त्रुटी मिळते. सरासरी फरक या त्रुटीच्या किती पट आहे, तो आकडा म्हणजे t, इथे 2.83. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातले विल्यम गॉसेट यांनी 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्यांसाठीच्या या कसोटीचा पाया घातला. आठ जोड्यांसाठी कोष्टकातली मर्यादा 2.36 आहे. शिकवण्याचा परिणाम शून्य असता तर t वर किंवा खाली एवढा लांब जाण्याचा प्रसंग शंभरात पाचदाच आला असता. आपला t त्याहून मोठा आहे. दोन वेगळे गट मानले असते तर याच गुणांवरून तो अवघा 1.10 आला असता.

मात्र खऱ्या वाढीचा अंदाज बराच सैल राहतो: साधारण 0.3 पासून 3.7 गुणांपर्यंत. शिवाय कसोटी ‘वाढ झाली का’ एवढेच सांगते, ‘कशामुळे’ हे नाही. दोन्ही वेळा तेच प्रश्न असले, तर मुलांना ते आठवतात. फसगतीची सर्वांत मोठी जागा मात्र निवडीत असते. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्यांनाच जादा तासिकेला बसवले, तर त्यांतल्या काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो. पुढच्या वेळी ते काही न शिकताही वर येतात आणि श्रेय तासिकेला मिळते.

ओळखण्याचा उपाय म्हणजे तितक्याच कमी गुणांच्या मुलांचा दुसरा गट. त्याला जादा तासिका न देता त्याच दिवशी दोन्ही चाचण्या द्यायच्या. तोही गट सरासरी दीड गुणाने वर आला, तर तासिकेच्या वाट्याला उरतो जेमतेम अर्धा गुण, आणि तपासायचा असतो तो दोन्ही गटांच्या वाढीतला हा फरक.