आठ टक्के दिसतात, हातात किती पडतात?

एखादी मोठी ठेव मोकळी होणार अशी कुणकुण लागली, की घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर व्याजदरांचे स्क्रीनशॉट यायला लागतात. मुलगा एका बँकेचा पाठवतो, शेजारी दुसऱ्या, सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या. मग सगळ्यांची नजर सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते. माझं मत असं, की तो आकडा सर्वांत शेवटी बघावा.

समजा, ६८ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे १० लाख रुपये आहेत आणि तीन वर्षं ते लागणार नाहीत. तिच्याकडे तीन स्क्रीनशॉट आले आहेत. पहिल्या बँकेचा दर ७ टक्के. दुसरीचा ८.०८ टक्के. तिसरी लघु वित्त बँक, तिचा ७.५ टक्के. पाहताक्षणी दुसरी बँक जिंकली असं वाटतं. पण दुसऱ्या स्क्रीनशॉटवर ८.०८च्या शेजारी बारीक अक्षरात ‘वार्षिक उत्पन्न’ लिहिलेलं आहे, व्याजदर नव्हे.

हा फरक कसा पडतो ते सांगते. मुदतीनंतर एकरकमी मिळणाऱ्या ठेवीवर बँका साधारणपणे दर तिमाहीला व्याज काढून मुद्दलात मिळवतात. दुसऱ्या बँकेचा खरा दर आहे ७.३ टक्के. चक्रवाढीने तीन वर्षांत १० लाखांवर २,४२,३७६ रुपये व्याज होतं. त्याला सरळ तीनने भागलं, की वर्षाला ८.०८ टक्के येतात. हिशेब खोटा नाही, पण शेजारच्या बँकेच्या साध्या दराशी त्याची तुलना करता येत नाही. मुदत जितकी लांब, तितका हा आकडा फुगतो: साडेसात टक्के दराची पाच वर्षांची ठेव याच पद्धतीने जवळजवळ ९ टक्के दिसते.

म्हणून प्रत्येक स्क्रीनशॉटमधून आधी तिमाही चक्रवाढीचा दर शोधायचा. ज्येष्ठांचा रकाना वेगळा असतो, बहुतेक बँकांत अर्धा टक्का जास्त, तोच घ्यायचा. दर कोणत्या तारखेपासून लागू आहे ते पाहायचं. आणि मुदतीची ओळ अक्षर न् अक्षर वाचायची. ‘२ वर्षे ते ३ वर्षांपेक्षा कमी’ या ओळीत चांगला दर असेल, तर पूर्ण तीन वर्षांची ठेव त्यात बसत नाही, ती पुढच्या ओळीत जाते. तिथे दर बहुधा वेगळा असतो. मग मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये एवढंच टाइप करायचं:

```
=1000000*(1+7.5/400)^12
```

यातला ७.५ म्हणजे दर, आणि १२ म्हणजे तीन वर्षांतल्या तिमाह्या. आपल्या शिक्षिकेच्या तीन बँकांची उत्तरं येतात १२,३१,४३९, १२,४२,३७६ आणि १२,४९,७१६ रुपये. ८.०८ टक्केवाली बँक मधोमध येऊन बसली. पहिली आणि तिसरी यांच्यात तीन वर्षांत फरक अठरा हजारांच्या आसपास.

आता कर. व्याज तीन वर्षांनी हातात येणार असलं, तरी बँक ते दर वर्षी जमा धरते आणि आयकर खात्याला तसंच कळवते. साडेसात टक्क्यांच्या ठेवीवर पहिल्या वर्षी ७७,१३६, दुसऱ्या वर्षी सुमारे ८३ हजार, तिसऱ्या वर्षी साडेएकोणनव्वद हजार. (ठेव १ एप्रिलला ठेवली असं धरलं आहे.) विवरणपत्रातही व्याज असंच वर्षागणिक दाखवावं. सगळं शेवटच्या वर्षी दाखवलं, तर त्या एका वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांनी चढतं आणि खात्याकडच्या वार्षिक माहितीशी आकडे जुळत नाहीत ते वेगळंच.

शिक्षिकेचं पेन्शन वर्षाला ६ लाख आहे असं समजू. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन राहतात सव्वापाच लाख, आणि त्यात व्याज मिळवलं तरी सहा लाखांच्या आसपास. १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, तेव्हा तिच्यासाठी करानंतरची रक्कम म्हणजे वरचीच रक्कम. इथे जास्त दराची बँक खरोखर जास्त पैसे देते.

पण तिच्याच वयाच्या, तिच्या शेजारच्या निवृत्त अभियंत्याचं वजावटीनंतरचं इतर उत्पन्न ११ लाख ७० हजार असेल तर? १२ लाखांची रेषा ओलांडली, की सवलत संपते. मात्र एकदम साठ हजारांचा कर अंगावर पडू नये म्हणून कायद्यात एक उतार ठेवला आहे: रेषेच्या थोडं पुढे गेलेल्याचा कर १२ लाखांवरच्या रकमेइतकाच मर्यादित राहतो. ऐकायला दिलासा वाटतो. ठेवीदाराच्या बाजूने पाहिलं तर त्याचा अर्थ असा, की रेषेपलीकडचा प्रत्येक रुपया करात जातो, आणि त्यावर ४ टक्के उपकर वेगळा.

हिशेब मांडू. साडेसात टक्क्यांच्या बँकेत पहिल्या वर्षी ७७,१३६ रुपये व्याज, म्हणजे उत्पन्न १२,४७,१३६. कर ४७,१३६ आणि उपकर सुमारे १,८८५. हातात उरले २८,११५. सात टक्क्यांच्या बँकेत व्याज ७१,८५९, कर आणि उपकर मिळून सुमारे ४३,५३३, आणि हातात उरले २८,३२६. कमी दराच्या बँकेने त्या वर्षी दोनशे रुपये जास्त दिले! दहा लाखांवर निव्वळ परतावा तीन टक्क्यांच्याही खाली. हा पट्टा साधारण १२ लाख ७० हजारांच्या पुढे संपतो आणि नेहमीचे दर लागू होतात. त्यात सापडलेल्या माणसाने बँका तोलण्याआधी ठेवीची रक्कम तोलावी. घरात पत्नीचे स्वतःचे पैसे असतील, तर ती ठेव तिच्या नावावर राहू द्यावी. तिच्या नावावर फक्त आपले पैसे ठेवून उपयोग नाही, ते व्याज कायद्याने पतीच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. जुनी करप्रणाली घेणाऱ्या ज्येष्ठांना व्याजावर ५० हजारांपर्यंत वजावट आहे, नवीमध्ये ती नाही.

उगमकपात, म्हणजे टीडीएस, आणि अंतिम कर यांची गल्लत नेहमी होते. एका बँकेतल्या सगळ्या ठेवींचं मिळून वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं, तर २०२५-२६ पासून ज्येष्ठांच्या व्याजातून १० टक्के कापले जातात. शिक्षिकेची त्याच बँकेत आणखी एखादी मोठी ठेव असेल, तर तिचा कर शून्य असूनही कपात होईल, आणि चक्रवाढ ठेवीत ती रक्कम ठेवीतूनच गेल्याने पावतीवर छापलेली मुदतपूर्तीची रक्कम काही मिळणार नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत १५-एच फॉर्म दिला, तर ही कपात होत नाही. कापले गेलेच, तर विवरणपत्र भरून परत मागता येतात.

राहिली सुरक्षितता. २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवींचा विमा माणशी १ लाखाचाच होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेतल्या एका ठेवीदाराला ५ लाख आहे, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही धरतात. शिक्षिकेने तिसऱ्या बँकेत पूर्ण १० लाख ठेवले, तर निम्म्याहून जास्त रक्कम विम्याबाहेर राहते. तिथे ४ लाखच ठेवले, तर तीन वर्षांनी होतात ४,९९,८८६, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत सगळी रक्कम विम्याच्या आत. उरलेले सहा लाख तिने पहिल्या मोठ्या बँकेत सात टक्क्यांनी ठेवावेत असं मी सुचवेन. साडेसात टक्क्यांपेक्षा त्यावर तीन वर्षांत सुमारे अकरा हजार रुपये कमी मिळतील.