रोहित्राच्या पाटीवर किलोवॅट का नसतात?

गावाबाहेरच्या डीपीवर जी पाटी ठोकलेली असते, ती एकदा नीट वाचून पाहावी. 100 केव्हीए, 11000/433 व्होल्ट, 5.25/133.3 अँपिअर, 50 हर्ट्झ. त्या पाटीवर किलोवॅट नाहीत आणि पॉवर फॅक्टरही नाही. त्याच डीपीवर चालणाऱ्या पंपाच्या मोटरवर मात्र किलोवॅट किंवा हॉर्सपॉवर ठळकपणे लिहिलेली असते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा फरक खटकतो, आणि तो खटकायलाच हवा.

रोहित्राची क्षमता ठरते ती उष्णतेवर. वेटोळ्यांभोवतीचा इन्सुलेशनचा कागद किती तापमान सोसेल, तितकाच भार रोहित्रावर टाकता येतो. मर्यादेपलीकडे तापमान साधारण 6 अंशांनी वाढले, तर साध्या कागदाची झीज दुप्पट वेगाने होते. त्यामुळे विचारायचे ते एवढेच, की ही उष्णता येते कुठून?

ती मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे लोखंडी गाभा. त्यातला व्यय वारंवारता आणि व्होल्टेजवर ठरतो. डीपीला 11000 व्होल्ट जोडलेले आहेत तोवर तो जवळपास कायम असतो. खाली एकही पंप चालू नसला तरी. दुसरे ठिकाण म्हणजे वेटोळी. तिथला व्यय करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाभ्याला व्होल्टेज कळते, तारेला करंट कळतो. त्या दोघांमधला कोन किती, म्हणजे पॉवर फॅक्टर किती, याच्याशी या उष्णतेचा संबंध नाही. म्हणून पाटीवर व्होल्टेज आणि करंट यांचाच गुणाकार येतो आणि तो केव्हीएमध्ये असतो. त्रिकला रोहित्रासाठी 1.732 × 433 × 133.3 केले की 100 केव्हीए मिळतात.

याचा पुरावा प्रयोगशाळेतच मिळतो. शॉर्ट सर्किट चाचणीत लो व्होल्टेज बाजूची टोके एकमेकांना जोडतात आणि दुसऱ्या बाजूने व्होल्टेज हळूहळू वाढवतात. इम्पीडन्स साडेचार टक्के असेल, तर 495 व्होल्टलाच पूर्ण 133 अँपिअर वाहू लागतात. बाहेर एकही उपयोगी वॅट जात नाही, तरी वेटोळी पूर्ण भाराइतकीच तापतात आणि वॅटमीटर पूर्ण भाराचा ताम्रव्यय दाखवतो. म्हणजे बाहेर दिलेले किलोवॅट शून्य असतानाही वेटोळ्यांची मर्यादा गाठता येते.

आता शेतातले उदाहरण घेऊ. या 100 केव्हीएच्या डीपीवर पाच हॉर्सपॉवरचे 15 पंप आहेत. प्रत्येक पंप सुमारे 4.67 किलोवॅट ओढतो आणि पॉवर फॅक्टर 0.7 आहे. एकूण 70 किलोवॅट झाले. 70 ला 0.7 ने भागले की 100 केव्हीए, म्हणजे डीपी पूर्ण भरली. पण कोणी नुसते किलोवॅट मोजले, तर अजून 30 शिल्लक आहेत असे वाटेल आणि आणखी सहा पंप जोडले जातील. मग 98 किलोवॅट होतील, पण केव्हीए 140 आणि करंट 187 अँपिअर. करंट 1.4 पट झाला की ताम्रव्यय 1.96 पट होतो. पूर्ण भाराला तो 1760 वॅट असेल, तर आता सुमारे 3450 वॅट होईल. किलोवॅटच्या हिशेबात सगळे ठीक दिसत असताना आतला कागद करपत जातो, आणि एक दिवस डीपी जळते.

रोहित्र बनवणाऱ्याला आपल्या यंत्रावर पुढे पंप येतील, पिठाची गिरणी येईल की शेगड्या, हे ठाऊक नसते. शेगड्या आल्या तर हीच डीपी 100 किलोवॅट देईल, पंप आले तर 70. मोटरचे तसे नाही. ती शाफ्टवर यांत्रिक शक्ती देते, आणि त्या शक्तीला ती किती करंट घेईल व तिचा पॉवर फॅक्टर किती असेल, हे तिच्या रचनेतच ठरलेले असते. म्हणून निर्माता तिच्यावर किलोवॅट लिहू शकतो.

डीपीवर भार किती आहे हे पाहायचे असेल, तर लो व्होल्टेज बाजूच्या तिन्ही फेजना टाँग टेस्टर लावावा आणि आकडा पाटीवरच्या 133 शी ताडून पाहावा. करंट मर्यादेला टेकला असेल, तर पंपांच्या स्टार्टरजवळ योग्य मापाचे कपॅसिटर बसवावेत. पॉवर फॅक्टर 0.7 वरून 0.95 वर आला, की त्याच 15 पंपांचा भार 74 केव्हीएवर येतो आणि करंट 98 अँपिअरवर. पंप तितकेच पाणी उपसतात आणि आणखी चार पंपांना जागा होते. या सगळ्यात पाटीवरचे 100 केव्हीए मात्र बदललेले नसतात. म्हणूनच ‘हे रोहित्र किती किलोवॅट देईल?’ असे कोणी विचारले, तर आधी भाराचा पॉवर फॅक्टर विचारावा आणि त्याने केव्हीएला गुणून मगच उत्तर द्यावे.