कडेचा एक नमुना

डिजिटल फिल्टर आखण्याची सोपी रीत अशी: कोणती वारंवारिता ठेवायची तिथे १ लिहायचे, कोणती अडवायची तिथे ०, आणि त्यावरून गुणक काढायचे. समजा, सेकंदाला १५ हजार नमुने घेणारा १५ गुणकांचा फिल्टर आहे. त्याचे बिंदू १ किलोहर्ट्झच्या अंतराने येतात. ० ते ३ किलोहर्ट्झला १ आणि ४ ते ७ ला ० दिले, तर त्या बिंदूंवर उत्तर अचूक येते. पण अधल्यामधल्या वारंवारितांवर लहरी उठतात आणि अडवायचा आवाज मूळच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतका झिरपतो. आलेख फक्त बिंदूंवर काढला, तर हा दोष दिसतच नाही. तो पाचशेएक ठिकाणी तपासावा लागतो.

उपाय म्हणजे ४ किलोहर्ट्झला शून्याऐवजी सुमारे ०.४ ठेवणे. प्रत्येक नमुना आपली लहर सर्वत्र पसरवतो. या नमुन्याची लहर अडवलेल्या पट्ट्यात बाकीच्यांच्या विरुद्ध दिशेने पडते. गळती साधारण शंभराव्या हिश्श्यावर येते. नेमकी किंमत संगणकाने शोधतात. रॅबिनर, गोल्ड आणि मॅकगोनेगल यांनी १९७० मध्ये अशा किमतींचे तक्ते दिले. मोबदल्यात उतार ३ ते ५ किलोहर्ट्झ, म्हणजे दुप्पट रुंद होतो. तो पुन्हा अरुंद हवा असेल, तर गुणक जवळपास दुप्पट करावे लागतात.