महाग पेट्रोल आणि साधी गाडी

पेट्रोल पंपावर साध्या पेट्रोलच्या शेजारी ९५ किंवा १०० असा आकडा मिरवणारे महाग पेट्रोलही मिळते. आकडा मोठा, किंमत जास्त, तेव्हा त्यात 'ताकद'ही जास्त असणार, असा समज सहज होतो. हा समज बरोबर आहे की नाही हे ठरवायचे, तर तो आकडा नेमके काय मोजतो हे आधी पाहिले पाहिजे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते. दट्ट्या वर सरकतो आणि ते मिश्रण दाबतो. दाबताना ते तापते. सायकलचा पंप मारताना त्याची नळी गरम होते, तसाच हा प्रकार. मिश्रणाचे आकारमान किती पट कमी झाले त्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. सुरुवातीचे तापमान ४५ अंश सेल्सियस धरले, तर ढोबळ हिशेबाने गुणोत्तर ८ असताना मिश्रण सुमारे ३८५ अंशांपर्यंत तापते, १० असताना ४४० आणि १२ असताना ४८५ अंशांपर्यंत.

दट्ट्या अगदी वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडते आणि तिथून ज्वाला पसरू लागते. तिचा वेग सेकंदाला साधारण १० ते २० मीटर असतो. ज्वालेमागचा जळालेला वायू प्रसरण पावतो आणि कोपऱ्यात उरलेल्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबतो. ते मिश्रण आणखी तापते. ज्वाला तिथे पोचण्यापूर्वीच ते आपोआप पेटले, तर सगळे एकदम जळते आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. बाहेर आपल्याला धातूवर टकटक केल्यासारखा आवाज ऐकू येतो. याला नॉकिंग म्हणतात. तो दीर्घकाळ चालला, तर दट्ट्याच्या माथ्याला खड्डे पडतात.

ऑक्टेन अंक मोजतो तो या आपोआप पेटण्याला होणारा विरोध. १९२६ साली ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने त्यासाठी दोन हायड्रोकार्बने निवडली. चटकन नॉकिंग करणाऱ्या हेप्टेनला ० आणि चिवट आयसोऑक्टेनला १०० अंक दिला. एखादे पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकेच टिकत असेल, तर त्याचा अंक ९१. त्यात प्रत्यक्ष इतके आयसोऑक्टेन असलेच पाहिजे असे नाही.

या मोजणीत ऊर्जेचा उल्लेखही नाही, हे ध्यानात घ्यावे. एक किलो हेप्टेन जाळले तर सुमारे ४४.६ मेगाज्यूल उष्णता मिळते आणि एक किलो आयसोऑक्टेनपासून सुमारे ४४.३. म्हणजे शून्य अंकाच्या इंधनात ऊर्जा किंचित जास्तच आहे! इथेनॉलचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. त्याचा ऑक्टेन अंक १०० च्याही वर आहे, पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश. त्यामुळे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले, की ऑक्टेन अंक वाढतो आणि लिटरमागे ऊर्जा मात्र सहा-सात टक्क्यांनी घटते.

मग वाढीव अंकाचा फायदा कुणाला? ज्या इंजिनाला त्या विरोधाची गरज आहे त्याला. टर्बो असलेल्या इंजिनात हवा आधीच दाबून आत ढकललेली असते. उच्च संपीडनाच्या इंजिनातही मिश्रण फार तापते. अशा गाडीच्या पुस्तिकेत ९५ अंकाचे पेट्रोल वापरा असे छापलेले असेल, तर कमी अंकाचे पेट्रोल भरून काटकसर होत नाही. आधुनिक गाडीत सिलिंडरच्या ठोकळ्यावर नॉकिंगचा संवेदक बसवलेला असतो. तो नॉकिंगची विशिष्ट थरथर ओळखतो आणि संगणक ठिणगी काही अंश उशिरा टाकतो. इंजिन वाचते, पण शक्ती आणि मायलेज थोडे घटतात. चांगले पेट्रोल मिळाले की ठिणगी पुन्हा योग्य वेळी पडते.

साध्या इंजिनात गोष्ट वेगळी. ९१ अंकाला अनुसरून आखलेले इंजिन त्या पेट्रोलवर नॉकिंग करतच नसेल, तर ठिणगी आधीच योग्य क्षणी पडत असते. सुधारायला काही उरलेले नसते. बारा फूट उंच कुंपण बकरी ओलांडत नाही आणि सहा फूट उंच कुंपणही ओलांडत नाही, तसेच हे.

हे प्रत्यक्ष तपासलेही गेले आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या तीन गाड्यांवर दोन्ही पेट्रोले वापरून पाहिली. शक्ती, मायलेज वा धूर यांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. २०१७ मध्ये तिने उच्च ऑक्टेनची शिफारस असलेल्या गाड्या तपासल्या. त्यांत सरासरी मायलेज २.७ टक्के आणि शक्ती १.४ टक्के वाढली. मात्र शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. पुस्तिकेत 'आवश्यक' असे लिहिले असेल, तर ते पाळलेच पाहिजे.

आता हिशेब करू. समजा, एक साधी गाडी महिन्याला १००० किलोमीटर धावते आणि लिटरला १८ किलोमीटर देते. महिन्याला सुमारे ५५.६ लिटर पेट्रोल लागेल. साधे पेट्रोल १०५ रुपये आणि महाग ११३ रुपये लिटर धरले, तर महिन्याला सुमारे ४४५ आणि वर्षाला ५३०० रुपये जास्त जातील. ते भरून निघायला मायलेज १९.४ व्हायला हवे, म्हणजे साडेसात टक्क्यांहून अधिक वाढ. शिफारस असलेल्या गाड्यांतही सरासरी २.७ टक्केच मिळाले होते. १०० अंकाचे पेट्रोल १६० रुपये धरले, तर तीच गाडी २७ च्या वर जायला हवी. ते शक्य नाही.

भारतातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केलेल्या खुलाशानुसार २० टक्के इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचा अंक ९१ वरून ९५ वर गेला आहे. तेव्हा ९१ ची गरज असलेल्या गाडीला पुरेसा अंक साध्या पंपावरच मिळतो. काही महाग पेट्रोलांत इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये मिसळतात. त्यांचा ऑक्टेनशी संबंध नाही आणि तो फायदा स्वतंत्रपणे तोलावा. म्हणून पंपावर नाव न वाचता आकडा वाचावा.

एक अपवाद मात्र आहे. जुन्या इंजिनात दट्ट्याच्या माथ्यावर काजळी साचते, त्यामुळे जागा कमी होते आणि काजळी तापून राहते. अशी गाडी उन्हाळ्यात भरल्या ओझ्याने घाट चढताना टकटक करू लागली, तर वरचा अंक तात्पुरता उपाय ठरतो. कमी गिअरमध्ये चढणे हाही उपायच, आणि तो फुकटचा आहे. आवाज सपाट रस्त्यावरही राहिला, तर गाडी मेकॅनिकला दाखवावी.

कुणाला स्वतः पडताळायचे असेल, तर एकाच टाकीवरून निष्कर्ष काढू नये. तीस लिटर भरताना एक लिटर इकडेतिकडे झाला, तरी तीन टक्क्यांची चूक होते आणि जे मोजायचे आहे तेही तेवढेच लहान आहे. प्रत्येक पेट्रोलच्या किमान तीन-चार टाक्या, रोजचा तोच रस्ता, चाकांत तीच हवा आणि दर वेळी त्याच पंपावर भरणे एवढी काळजी घेतली, तर वहीतले आकडे वाचण्याजोगे होतील. विद्यार्थ्यांना सरासरी आणि मोजणीतील चूक समजावून देण्यासाठी हा प्रयोग चांगला आहे. खर्च मात्र कोणी करायचा, ते गाडीच्या मालकाने ठरवावे.